दंडमाफीचा अर्ज



आज आपण बँकेला एक अर्ज लिहू या. अर्ज लहानच आहे, पण तो दोनदा लिहू. का ते पुढे कळेल.

समजा, एका ताईंनी म्हशीसाठी बँकेचे कर्ज काढले आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला २,५०० रुपयांचा हप्ता असतो. चौदा हप्ते वेळेवर गेले. पंधराव्या वेळी डेअरीकडून दुधाचे बिल उशिरा मिळाले. पैसे ९ तारखेला हाती आले. त्याच दिवशी ताईंनी हप्ता भरला. तरी ३०० रुपये दंड लागला.

ताईंनी अर्ज लिहिला :

"साहेब, आम्ही गरीब माणसं. उशीर झाला. दंड माफ करा. उपकार होतील."

यात खोटे काहीच नाही. पण साहेबांनी शोधायचे काय? खाते कोणते? दंड कधीचा? ताईंची खाती दोन, एक बचतीचे, एक कर्जाचे. दंड कर्जखात्यावर लागला. म्हणून कर्जखात्याचाच नंबर हवा.

दुसरे असे, की गरिबी साहेबांना कागदावर तपासता येत नाही. दुधाच्या बिलाची तारीख तपासता येते. चौदा हप्ते वेळेवर आले, हेही बँकेच्या दप्तरात दिसते. तेव्हा तेच लिहावे.

आता दुसरा अर्ज पाहा :

"मा. शाखाधिकारी यांस,
विषय : हप्त्याचा दंड माफ होणेबाबत.
माझे कर्जखाते क्रमांक (पूर्ण नंबर). ५ जूनचा २,५०० रुपयांचा हप्ता मी ९ जूनला भरला. उशीर चार दिवसांचा झाला. त्याबद्दल ३०० रुपये दंड लागला आहे. डेअरीचे बिल ९ जूनला मिळाले, म्हणून उशीर झाला. बिलाची नक्कल जोडली आहे. आधीचे चौदा हप्ते वेळेवर भरले आहेत. पुढे एका हप्त्याची रक्कम खात्यात आधीच ठेवीन. तरी या एका वेळचा दंड माफ करावा, ही विनंती."

खाली तारीख, सही, नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहावा. पिन किंवा फोनवर आलेला ओटीपी मात्र कधीच लिहू नये.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक बँकेत द्यावी. दुसरीवर शिक्का, सही व तारीख घ्यावी. हीच आपली पोच.

एक ध्यानात ठेवा. उशीर आपला असेल, तर माफी देणे न देणे बँकेच्या हाती. साहेब "नाही"ही म्हणतील. तीच सवलत वारंवार मिळत नाही.

पण हप्ता ४ तारखेलाच भरला असेल आणि तरी दंड लागला, तर "माफ करा" लिहू नका. तिथे आपला उशीरच नाही. तिथे लिहा, "दंड चुकीने लागला आहे, तो परत जमा करावा," आणि पावतीची नक्कल जोडा.

म्हणून आधी पासबुक उघडा, तारखा पाहा, मग अर्ज लिहा.