जुनी ट्यूबलाइट, नवा एलईडी बॅटन : चोक आणि स्टार्टर यांचे काय करावे ?

(ग्रामपंचायत सदस्य, मुख्याध्यापक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आठ वर्गखोल्यांची एक शाळा डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक खोलीत चार फुटी दोन ट्यूबलाइट, म्हणजे एकूण सोळा पट्ट्या. त्यांतील निम्म्या उशिरा पेटतात, काही गुणगुणतात, काहींच्या टोकांना काळे वलय आलेले आहे. ग्रामपंचायतीने सोळा एलईडी बॅटन खरेदी करून दिले. वायरमन शिडी लावून उभा राहिला आणि प्रश्न निघाला : जुनी पट्टी काढावयाची, की तिच्यातील तारांनाच नवा बॅटन जोडून मोकळे व्हावयाचे ? चोक आणि स्टार्टर आत राहिले तर बिघडले कोठे ? दुकानदाराने सांगितले होते की काही फरक पडत नाही. वायरमनचे म्हणणे असे की चोक वीज खातो, म्हणून तो काढलाच पाहिजे. दोघांच्याही बोलण्यात अर्धे सत्य आहे, आणि अशा कामात अर्धे सत्यच अधिक त्रासदायक ठरते.

हे उलगडण्यासाठी जुन्या पट्टीत काय चालते ते प्रथम पाहिले पाहिजे. स्विचमधून आलेली फेजची तार आधी चोकमध्ये शिरते. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेले तारेचे वेटोळे. तेथून वीज नळीच्या एका टोकास जाते. नळीचे दुसरे टोक न्यूट्रलला जोडलेले असते. स्टार्टर हा या दोन टोकांमध्ये, नळीला समांतर असा बसविलेला असतो. त्या छोट्या डबीत वायू भरलेला काचेचा एक फुगा असतो आणि फुग्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. स्विच लावताच २३० व्होल्टचा दाब स्टार्टरवर येतो, वायू चमकतो, जोडपट्टी तापून वाकते आणि आतला संपर्क जुळतो. त्यामुळे नळीच्या दोन्ही टोकांचे तंतू तापतात. क्षणभराने जोडपट्टी थंड होऊन संपर्क तुटतो, आणि तुटताना चोक शेकडो व्होल्टचा एक झटका देतो. त्या झटक्याने नळी पेटते. नळी एकदा पेटली की तिच्या टोकांमधील दाब साधारण १०० व्होल्टपर्यंत उतरतो; एवढ्या दाबावर स्टार्टर पुन्हा चमकू शकत नाही, म्हणून तो निमूट बसून राहतो. पुढचे काम चोकचे : नळीतून ठराविक प्रवाहाहून अधिक जाऊ न देणे.

एलईडी बॅटनला यांपैकी कशाचीच गरज नाही. त्याला तापवावयाचे तंतू नाहीत आणि पेटविण्यासाठी झटकाही नको. प्रवाह आवरण्याची व्यवस्था त्याच्या पोटातच आहे. तिला ड्रायव्हर म्हणतात. बॅटनला फक्त फेज आणि न्यूट्रल हवे. यास्तव मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, बॅटन बसविताना जुनी पट्टी चोक, स्टार्टर आणि असल्यास कपॅसिटर यांच्यासह पूर्ण उतरवावी आणि भिंतीतून किंवा केसिंगमधून येणाऱ्या मूळ तारांना बॅटन जोडावा.

शाळेच्या वायरमनने मात्र वेळ वाचविण्यासाठी पहिल्या खोलीत वेगळेच केले. नळीच्या एका होल्डरच्या दोन्ही तारा एकत्र पिळून त्याने त्या बॅटनच्या एका तारेस जोडल्या आणि दुसऱ्या होल्डरच्या दोन्ही तारा दुसऱ्या तारेस. स्टार्टर जागेवरच राहिला. स्विच लावला तेव्हा बॅटन पेटला, सेकंदाभरात विझला, पुन्हा पेटला आणि असे चालूच राहिले. माल खोटा आला असे ठरवून बॅटन परत करण्याची भाषा सुरू झाली. वस्तुतः माल चांगला होता. वर सांगितल्याप्रमाणे पेटलेल्या नळीवरील दाब उतरतो म्हणून स्टार्टर शांत राहतो. बॅटनवरील दाब उतरत नाही, म्हणून स्टार्टरला स्वस्थता नाही. तो चमकतो, संपर्क जुळतो, बॅटनकडे जाणारी वीज त्याच्यातूनच निघून जाते आणि बॅटन विझतो. संपर्क तुटला की बॅटन पेटतो, आणि प्रत्येक तुटण्याबरोबर चोकचा झटका ड्रायव्हरवर आदळतो. नळीला पेटविणारा तो झटका ड्रायव्हरला मात्र मारक आहे. अशा स्थितीत नवा बॅटन फार दिवस टिकण्याची आशा नाही. स्टार्टर फिरवून बाहेर काढताच फडफड थांबली, यावरून दोष कोठे होता ते सर्वांना कळले.

आता स्टार्टर निघाला, पण चोक तसाच राहिला तर ? येथे वायरमनचे म्हणणे तपासून पाहणे योग्य होईल. चार फुटी ३६ वॅटच्या नळीतून सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह जातो आणि त्या प्रवाहावर तारेच्या वेटोळ्याचा चोक स्वतः दहा-बारा वॅट वीज उष्णतेत घालवितो. २० वॅटच्या बॅटनचा प्रवाह ०.१ अँपिअरच्या आसपास असतो. प्रवाह चौपटीने कमी झाला की वेटोळ्यातील नुकसान जवळजवळ सोळापटीने कमी होते, म्हणजे ते एक वॅटच्या आत येते. तेव्हा वीजबिलाच्या दृष्टीने राहिलेला चोक फारसा खर्चिक नाही. तो काढावयाचा तो अन्य कारणांसाठी. वीस वर्षे तापून त्याच्या तारेवरील आवरण ठिसूळ झालेले असते. पत्र्याच्या पट्टीत त्याची वीज उतरण्याचा संभव असतो. स्विच बंद करताना तो लहानमोठे झटके देत राहतो. आणि उद्या तो तुटला तर चांगला बॅटन विझेल आणि दोष बॅटनवर येईल.

इलेक्ट्रॉनिक चोकची गोष्ट निराळी आहे आणि तेथे चूक महाग पडते. हा चोक वजनाने हलका असतो, त्यातून नळीकडे चार तारा जातात आणि पट्टीत स्टार्टर नसतो. स्टार्टर नाही, म्हणजे काढण्यासारखे काही नाही, असा समज त्यामुळे होतो. परंतु घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, तर हा चोक नळीला हजारो आवर्तनांची वीज देतो. ५० आवर्तनांसाठी घडविलेला ड्रायव्हर त्यावर तापून जळू शकतो. अशी पट्टी दिसली की तिच्या बाहेर जाणाऱ्या तारांना बॅटन कधीही जोडू नये.

आतापर्यंत बॅटनविषयी सांगितले. बाजारात एलईडी ट्यूब या नावाने मिळणारी वस्तू दिसावयास तशीच असली तरी वेगळी आहे. तिला जुन्या नळीसारख्या दोन्ही टोकांस पिना असतात आणि ती जुन्या होल्डरमध्येच बसते. खरेदीच्या दरपत्रकात या दोन वस्तूंची गल्लत पुष्कळदा होते, ती मागणीपत्र लिहितानाच टाळावी. काही ट्यूब तारेच्या वेटोळ्याचा चोक ठेवून चालतात. त्यांच्याबरोबर जुन्या स्टार्टरच्या जागी बसवावयाची एक डबी मिळते. ती दिसते स्टार्टरसारखी, पण आत केवळ फ्यूज असतो. काही ट्यूबना चोक वगळून थेट वीज द्यावी लागते, आणि त्यांतही काहींना फेज व न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांवर हवे, तर काहींना एक एका टोकास व दुसरे दुसऱ्या टोकास. वेष्टनावर छापलेली आकृती पाहिल्याखेरीज यांपैकी कोणती ट्यूब हाती आहे ते ओळखता येत नाही.

धोका येथे उद्भवतो, आणि तो बहुधा बसविणाऱ्याला भोवत नाही. एका टोकास फेज व न्यूट्रल दिलेल्या पट्टीत सहा महिन्यांनी ट्यूब बिघडते. शाळेचा शिपाई कपाटातील जुनी, चांगली राहिलेली नळी काढून त्या होल्डरमध्ये बसवितो. नळीचा तंतू आता २३० व्होल्टच्या दोन तारांमध्ये थेट सापडतो, क्षणात जळतो, आणि काचेचे टोकही तडकू शकते. दोन्ही टोकांना वीज घेणारी ट्यूब चालू विजेवर बसविणे हेही तितकेच वाईट, कारण एक टोक होल्डरमध्ये गेले असता मोकळ्या टोकाच्या पिनेवर ट्यूबमधून वीज येऊ शकते आणि शिडीवरील माणसाचे बोट नेमके तेथेच असते. म्हणून तारा बदललेल्या प्रत्येक पट्टीवर "तारा बदलल्या आहेत, जुनी नळी लावू नये" अशी चिठ्ठी पक्की चिकटवावी. सार्वजनिक इमारतीत, जेथे आज बसविणारा आणि उद्या बदलणारा हे एकच नसतात, तेथे ट्यूबपेक्षा बॅटन श्रेयस्कर तो याच कारणाने : त्यात चुकीची नळी खुपसण्यास जागाच राहत नाही.

शाळेत उरलेल्या सात खोल्यांचे काम मग रीतसर झाले. मेन स्विच बंद करून त्याच्याजवळ एक माणूस उभा केला. वायरमनने टेस्टर आधी चालू विजेवर पारखून घेतला आणि नंतर पट्टीच्या तारांना लावून वीज नसल्याची खात्री केली. नळी काढली, दोन्ही मूळ तारा सोडविल्या, पट्टी चोकसकट खाली उतरविली. बॅटनच्या क्लिपा भिंतीवर आवळल्या, 'एल' खुणेच्या तारेस फेज व 'एन' खुणेच्या तारेस न्यूट्रल कनेक्टरने जोडले. जेथे बॅटनला अर्थिंगची जागा नव्हती तेथे अर्थिंगच्या तारेचे टोक मोकळे न ठेवता बंद केले. अंगात आल्यावर एका पट्टीस पंधरा-वीस मिनिटे पुरली.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट उघडकीस आली. दोन खोल्यांतील बॅटन स्विच बंद केल्यावरही अंधुक मिणमिणत राहिले. कोणास वाटले, थोडी वीज आत साठून राहत असेल. खरा दोष भिंतीत होता. त्या खोल्यांमध्ये मूळ जोडणीच्या वेळी स्विच फेजवर न टाकता न्यूट्रलवर टाकला गेला होता. त्यामुळे स्विच बंद असतानाही पट्टीपर्यंत फेज खेळत होती आणि तारांमधून झिरपणारा अत्यल्प प्रवाह एलईडीला मिणमिणण्यास पुरत होता. जुन्या नळीला तेवढ्याने काहीच होत नसे, म्हणून इतकी वर्षे ते कोणाच्या ध्यानात आले नाही; स्विच बंद करून नळी पुसणारा मात्र दर वेळी जिवंत तारेशेजारी हात घालीत होता. स्विचमध्ये निऑनचा छोटा दिवा असला तरीही असे मिणमिणणे संभवते, तेव्हा आधी तो पाहावा. दिवा नसेल तर मेन चालू व स्विच बंद ठेवून वायरमनने बॅटनच्या तारांना टेस्टर लावावा. टेस्टर पेटला तर जोडणी उलटी आहे असे समजून ती स्विचबोर्डात सुधारून घ्यावी. शाळेत तसे करताच मिणमिणणे थांबले.

बचतीचा हिशेबही मुख्याध्यापकांनी मांडला. जुनी नळी व चोक मिळून सुमारे ४८ वॅट, बॅटन २० वॅट. फरक २८ वॅटचा. सोळा पट्ट्या, दिवसाला पाच तास आणि वर्षाला २०० दिवस धरले तर सुमारे ४४८ युनिट वाचतात.

राहिला प्रश्न उतरविलेल्या सामानाचा. चोकमधील तार व लोखंड यांना भंगारात भाव मिळतो. नळ्यांचे तसे नाही. प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून त्या फोडून उकिरड्यावर टाकू नयेत. खोक्यात उभ्या बांधून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्याव्यात. एखादी नळी वर्गात फुटलीच तर मुलांना बाहेर काढून खिडक्या उघडाव्यात, पंधरा मिनिटांनी तुकडे जाड कागदाने गोळा करावेत आणि ओल्या फडक्याने जागा पुसून घ्यावी. झाडू मारू नये, कारण त्याने पारा जमिनीवर पसरतो आणि हवेत मिसळतो.