शेजारणीची वही



आजच्या व्याख्यानाचा विषय धंद्याचा असला, तरी आम्ही तो एका गोष्टीच्या आधाराने मांडणार आहोत. गोष्ट कल्पित आहे. तीतील बाईंना आम्ही नावही दिलेले नाही. बिऱ्हाडातील सगळे त्यांना ‘काकू’ म्हणतात, तेच आपणही म्हणू. मात्र गोष्टीतील धान्य, भट्टीचा वेळ आणि रुपये-पैशांचा मेळ खरा बसतो की नाही, हे आपण घरी जाऊन पडताळून पाहावे.

काकू सांगलीच्या. चोवीस बिऱ्हाडांच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. सेहेचाळिसाव्या वर्षी यजमान गेले. मागे राहिले ते स्वतःचे घर, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दरमहा साडेतीन हजारांचे निवृत्तिवेतन. पहिले वर्ष शिल्लक मोडून निघाले. या काळात एक गोष्ट मात्र वाढत गेली, शेजाऱ्यांची कामे. ‘काकू, तुम्ही घरीच असता ना,’ या एका वाक्याने दिवस सुरू होई. कुणाचे पार्सल घ्यायचे, कुणाच्या मुलाला शाळेतून आल्यावर तासभर बसवून घ्यायचे, कुणाचा बँकेचा फॉर्म भरून द्यायचा, कुणाच्या साडीला फॉल लावून द्यायचा. नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

एके रात्री मुलगी म्हणाली, “आई, तू दिवसभर राबतेस आणि वाण्याचे बिल थकलेले असते. निदान काय काय करतेस ते लिहून तरी ठेव.” काकूंनी जुन्या वहीची कोरी पाने काढली आणि आषाढापासून आश्विनापर्यंत चार महिने नोंद ठेवली. काम कोणते, सांगितले कुणी, वेळ किती लागला, आणि शेवटच्या रकान्यात एक प्रश्न: ‘मी नाही म्हटले असते, तर यांनी काय केले असते?’

आमच्या मते साऱ्या गोष्टीचे मर्म या शेवटच्या रकान्यात आहे. चार महिन्यांत त्रेसष्ट कामे झाली. पार्सले आणि किल्ल्या सतरा, फॉर्म बारा, मुले सांभाळणे नऊ, फॉल सात आणि स्वयंपाकघरातील कामे अठरा. नुसती संख्या पाहिली, तर पार्सलांचा धंदा काढावा असे वाटेल! पण शेवटचा रकाना सांगत होता की, काकू नसत्या तर पार्सल समोरच्या घरी गेले असते. फॉलसाठी कोपऱ्यावर शिंपी होता. ही कामे काकूंकडे येत होती, कारण ती फुकट होती आणि जवळ होती. त्यांना पैसे लावले असते, तर दुसऱ्याच दिवशी ती थांबली असती.

स्वयंपाकघरातील अठरांपैकी अकरा नोंदी मात्र एकाच कामाच्या होत्या: भाजणी. तेथे लोक धान्य स्वतः आणून देत, आठ-आठ दिवस वाट पाहत, आणि पुढच्या वेळी बहिणीलाही घेऊन येत. तयार भाजणी दुकानात मिळत नव्हती असे नव्हे. समोरच्या वहिनींनी ती आणूनही पाहिली होती. “चकली तेलात विरघळते हो काकू,” असे म्हणून त्या परत आल्या होत्या. फुकट मिळते म्हणून मागणे वेगळे आणि दुसरीकडे मिळत असूनही येथेच मागणे वेगळे. धंदा दुसऱ्या प्रकारच्या मागणीवर उभा राहतो.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. अकरांपैकी सहा नोंदी चकलीच्या भाजणीच्या आणि त्या साऱ्या दिवाळीच्या तोंडावरच्या. उरलेल्या पाच थालिपीठाच्या भाजणीच्या, आणि त्या चारही महिन्यांत विखुरलेल्या. म्हणजे एकीवर दिवाळी साजरी होईल, पण वाण्याचे बिल भागवायचे तर दुसरीही हवी.

आता भाजणी म्हणजे नेमके काय काम, ते पाहू. चकलीसाठी काकूंचे प्रमाण असे: तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो, मुगाची डाळ आणि पोहे शंभर-शंभर ग्रॅम, धणे पन्नास ग्रॅम, जिरे पंचवीस ग्रॅम. तांदूळ जुना, धुऊन सावलीत खडखडीत वाळवलेला. प्रत्येक धान्य निरनिराळे आणि मंद आचेवर भाजायचे, कारण डाळीला जो वेळ लागतो त्यात पोहे जळून जातील. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ भाजणीत उतरते. म्हणून तांदळाच्या दळणानंतरची पाळी धरायची.

सुरुवातीला काकूंनी लोकांचेच धान्य घेऊन भाजण्याची मजुरी घ्यायचे ठरवले. भांडवल लागणार नव्हते, म्हणून हा मार्ग सोपा वाटला. पण एका बाईंनी नवा तांदूळ आणून दिला. चकल्या मऊ पडल्या आणि दोष आला काकूंच्या हाताला. माल दुसऱ्याचा आणि नाव आपले, हा व्यवहार टिकत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी धान्य स्वतः आणायला सुरुवात केली, आणि प्रत्येक घाण्यातील एक वाटी पीठ घेऊन स्वतः चकली करून पाहिल्याशिवाय पिशवी बांधायची नाही, असा नियम केला. एक वाटी भाजणीला सुमारे एक वाटी उकळते पाणी आणि दोन लहान चमचे तेलाचे मोहन. मोहन इतके मोजून घातल्यावर दोष राहिला तर तो भाजणीचा. सोऱ्यातून पडताना तार तुटली, तर डाळी जास्त भाजल्या गेल्या. पाणी आणि मोहन यांचे हेच माप छापलेली चिठ्ठी त्या प्रत्येक पिशवीत घालू लागल्या, कारण गिऱ्हाइकाच्या हातून मोहन जास्त पडले की चकली विरघळते आणि कमी पडले की कडक होते. शिवाय घरच्या स्वयंपाकघरातून खाद्यपदार्थ विकायचा, तरी अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तीही मुलीने करून दिली.

किंमत ठरवताना मात्र काकूंचा हात आखडला. “शेजाऱ्यांकडून काय घ्यायचे!” असे म्हणून त्यांनी किलोला दीडशे रुपये लावले. दिवाळीत चाळीस किलो भाजणी खपली. सहा हजार रुपये एकदम हातात आले, तेव्हा त्यांना धंदा उत्तम चालला असे वाटले. मुलीने वही पुढे ओढली.

एका वेळी काकू वरच्या प्रमाणाच्या चौपट धान्य घेत. म्हणजे आठ किलो शंभर ग्रॅम. त्याला सुमारे सातशे सोळा रुपये पडत. दळणाचे ऐंशी, गॅसचे चाळीस, पिशव्या आणि चिठ्ठ्या यांचे चव्वेचाळीस. एकूण आठशे ऐंशी. पण पीठ हाती येई सातच किलो. भाजताना धान्यातील ओल उडून जाते आणि थोडे गिरणीत राहते. ही घट धरली, की किलोचा खर्च सव्वाशेच्या वर, एकशे सव्वीस रुपये होतो. दीडशेतून उरले चोवीस. निवडणे, धुणे, भाजणे, दळून आणणे आणि भरणे यांत सात किलोंना सात तास जात. “म्हणजे आई,” मुलगी म्हणाली, “तासाला चोवीस रुपये. आपल्या जिन्याची झाडलोट करणाऱ्या मावशींना यापेक्षा जास्त मिळतात.”

काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी तासाचे साठ रुपये धरले, न खपलेल्या मालासाठी किलोमागे चौदा धरले, आणि नवी किंमत दोनशे रुपये केली.

त्यानंतर व्हायचे ते झाले. तळमजल्यावरच्या आजी, ज्यांना काकू पाच वर्षे फुकट भाजणी करून देत होत्या, त्या जिन्यातच म्हणाल्या, “आता शेजारधर्मालाही भाव लागला म्हणायचा!” काकूंना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्या आजींकडे गेल्या आणि म्हणाल्या, “आजी, भाजणी सगळ्यांना दोनशेच आहे. पण तुमचे पाय दुखतील त्या रात्री मला हाक मारा, त्याचा भाव नाही.” आजींनी त्या वर्षी भाजणी घेतली नाही. पुढच्या वर्षी त्यांची सून येऊन दोन किलो घेऊन गेली, आणि आजींनी जिन्यात पुन्हा बोलायला सुरुवात केली. सर्वच शेजारी परत आले नाहीत. अकरांपैकी तीन घरे गेली ती गेलीच. धंद्याचा हा खर्च हिशेबाच्या वहीत दिसत नाही, पण तो द्यावा लागतो.

राहिला प्रश्न उधारीचा. ओळखीच्या गिऱ्हाइकाचे हेच संकट असते की, त्याच्याकडे पैसे मागवत नाहीत. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांची गोष्ट या ठिकाणी आठवते. कामगार जेवत महिनाभर आणि पैसे देत पगार झाल्यावर. तोवर वाण्याचे सामान उधारीवर येई आणि त्या बायका कर्जात रुतत. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते याच फासातून सोडवण्यासाठी. म्हणजे हात कुशल, गिऱ्हाईक हमखास, आणि तरीही धंदा बुडीत. कारण पैसा उशिरा येतो. काकूंनी यावर साधा उपाय केला. त्यांनी मागणी नोंदवतानाच निम्मे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि त्यातूनच धान्य भरले. ‘डाळी भरायच्या आहेत, म्हणून आधी घेते,’ एवढे सरळ सांगितले की कुणालाही वाईट वाटत नाही, असा त्यांना अनुभव आला.

आज काकू महिन्याला सरासरी साठ किलो भाजणी करतात. त्यांत थालिपीठाची निम्म्याहून अधिक. मजुरी म्हणून महिन्याला तीन हजार सहाशे रुपये त्यांच्या हाती राहतात. म्हणजे निवृत्तिवेतनाएवढीच दुसरी रक्कम. त्यावर बंगला बांधला जाणार नाही. पावसाळ्यात तांदूळ वाळत नाही, तेव्हा काम निम्म्यावर येते. एकट्या हाताने यापुढे वाढ नाही. वाढवायचे तर भाजायला दुसरी बाई हवी, आणि तिच्या मजुरीसह किंमत पुन्हा मांडावी लागेल. पण वाण्याचे बिल आता महिन्याच्या महिन्याला भागते.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकींच्या घरी अशी न लिहिलेली वही असेल. ती लिहावी. चार महिन्यांनी शेवटच्या रकान्यावरून नजर फिरवावी, आणि जे काम लोक दुसरीकडे मिळत असूनही आपल्याकडेच आणतात, त्याच्यावर बोट ठेवावे. मग घट आणि स्वतःचे तास धरून किंमत मांडावी, आणि ती किंमत सांगताना आवाज खाली करू नये. उरलेली कामे शेजारधर्माची आहेत. ती पूर्वीसारखीच करत राहावी, आणि त्यांचा हिशेब वहीत ठेवू नये.