टँकरमधून खरंच १०,००० लिटर पाणी आलं का?

आजचा भाग पाचवीच्या गणिताचा आहे. लिटर, मिलीलिटर आणि घन सेंटिमीटर. पण उदाहरण घेऊ सोसायटीच्या जमिनीतल्या टाकीचं, कारण उन्हाळ्यात तिथे दर टँकरमागे पैसे मोजावे लागतात आणि ‘पाणी कमी आलं’ यावरून भांडणं होतात. भांडण्याऐवजी मोजता येतं. कसं, ते बघू.

आधी एकच गोष्ट पक्की करू. १ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद, १ सेंटिमीटर उंच असा साखरेच्या खड्याएवढा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. त्यात मावणारं पाणी म्हणजे १ घन सेंटिमीटर, आणि तेच १ मिलीलिटर. दोन्ही अगदी सारखेच, फक्त नावं दोन. इंजेक्शनवाले ‘५ सीसी’ म्हणतात ते ५ मिलीलिटर. गाडी ‘दीडशे सीसी’ची असते, तेव्हा इंजिनात पिस्टन वरून खाली सरकताना जी जागा मोकळी होते, ती १५० मिलीलिटर असते. सीसी म्हणजे क्युबिक सेंटिमीटर, बस.

आता १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा मोठा ठोकळा घ्या. त्यात १० × १० × १०, म्हणजे १००० छोटे ठोकळे बसतात. हे झालं १ लिटर. म्हणून घन सेंटिमीटरचे लिटर करायचे तर १००० ने भागायचं, लिटरचे घन सेंटिमीटर करायचे तर १००० ने गुणायचं. पटत नसेल तर घरात २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ उंच असा डबा शोधा. गुणाकार येतो १०००. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्यांएवढं पाणी त्यात काठोकाठ बसेल.

गोंधळ होतो तो मीटरमध्ये. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून १ घनमीटर म्हणजे १०० घन सेंटिमीटर, असं पटकन तोंडातून निघतं. पण लांबीही १०० पट, रुंदीही १०० पट आणि उंचीही १०० पट. म्हणजे १०० × १०० × १००, दहा लाख घन सेंटिमीटर. त्याला १००० ने भागा: १००० लिटर. हे लक्षात ठेवायला सोपं आहे, १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. बिल्डरच्या नकाशात मापं फुटांत असतील तर एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. पण माझा सल्ला असा की फुटांच्या नादी लागू नका, टेप उलटा करून सगळंच सेंटिमीटरमध्ये मोजा. आम्ही कोड लिहिताना व्हेरिएबलच्या नावातच एकक घालतो, `length_cm` असं. तुम्ही वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘सेंमी’ लिहा, तेवढंच.

आता टाकी. समजा आतून लांबी ४०० सेंटिमीटर, रुंदी ३०० आणि उंची २००. सूत्र एका ओळीचं:

```
लिटर = लांबी × रुंदी × उंची ÷ 1000   (सगळं सेंमीमध्ये)
400 × 300 × 200 ÷ 1000 = 24000
```

म्हणजे २४,००० लिटर. यात ‘आतून’ हा शब्द महत्त्वाचा. भिंत २० सेंटिमीटर जाडीची असेल आणि कोणी बाहेरून मोजलं, तर लांबी ४४० आणि रुंदी ३४० भरते. तळाचं क्षेत्रफळ जवळजवळ २५ टक्के जास्त येतं, आणि मग प्रत्येक टँकर भरपूर जास्त आल्यासारखा वाटतो.

शिवाय २४,००० लिटर वापरायला मिळत नाहीत. ओव्हरफ्लोचा पाइप स्लॅबच्या २० सेंटिमीटर खाली असेल तर त्याच्या वर पाणी टिकत नाही. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून १५ सेंटिमीटर वर असेल तर त्याच्या खालचं पाणी उचललं जात नाही. उरली उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे १९,८०० लिटर. सोसायटीला पाणी किती दिवस पुरेल याचा हिशेब या आकड्यावर करायचा.

आता टँकर. यासाठी पूर्ण टाकीचा आकडा लागतच नाही. फक्त एवढं काढा, की पाणी १ सेंटिमीटर चढलं तर किती लिटर वाढले? ४०० × ३०० × १ म्हणजे १,२०,००० घन सेंटिमीटर, म्हणजेच १२० लिटर. हा तुमच्या टाकीचा आकडा. झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. १०,००० लिटर आले तर पाणी १०,००० भागिले १२०, म्हणजे सुमारे ८३ सेंटिमीटर चढायला हवं.

मोजायचं कसं? झाकण उघडून अॅल्युमिनियमची सरळ पट्टी किंवा पाइप तळाला टेकेपर्यंत उभा सोडायचा आणि ओली खूण कुठे आहे ते टेपने बघायचं. टाकीत उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते आणि ते जिवावर बेतू शकतं. टँकरच्या आधी एकदा मोजा. रिकामा झाल्यावर पाणी शांत व्हायला दहा मिनिटं द्या, मग त्याच जागी पुन्हा मोजा. समजा आधी ४२ आणि नंतर ११८ आलं. फरक ७६ सेंटिमीटर. ७६ गुणिले १२० म्हणजे ९,१२० लिटर. ८८० लिटर कमी.

थांबा, लगेच ड्रायव्हरला धरू नका. आधी दोन गोष्टी बघा. टँकर रिकामा होत असताना वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप चालू होता का? मिनिटाला १०० लिटर ओढणारा पंप नऊ मिनिटं चालला, तर ९०० लिटर तिकडेच गेले. ऑटोमॅटिक पंप असेल तर तो आपोआप चालू झालेला कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि याच्या उलट, पालिकेचं पाणी त्याच वेळी येत असेल तर टँकर कमी भरूनही माप बरोबर दिसेल. म्हणून मोजायचं असेल तेव्हा पंप बंद आणि पालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्हही बंद.

तिसरी गोष्ट, मापाची अचूकता. खूण वाचताना एका सेंटिमीटरची चूक सहज होते. दोन वेळा मोजतो, म्हणजे दोन्ही चुका मिळून २४० लिटरपर्यंतचा फरक दिसू शकतो. ९,८०० आणि १०,००० यांतला फरक या पद्धतीने सिद्ध होत नाही, त्यावरून कोणाला चोर म्हणू नये. पण पंप बंद असताना ८८० कमी आले, आणि पुढच्या दोन-तीन टँकरलाही तसंच झालं, तर मात्र तो मापातला दोष नाही. टाकीत मध्ये खांब असेल तर त्याचाही विचार करा: ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब दर सेंटिमीटरला ०.९ लिटर जागा खातो. १२० च्या ऐवजी ११९.१. एका खांबाने फार बिघडत नाही.

तारीख, आधीची उंची, नंतरची उंची, लिटर, एवढे चार रकाने वॉचमनकाकांच्या वहीत आखून द्या. पुढच्या मीटिंगला टँकरवाल्याशी बोलताना ती वहीच समोर ठेवा. भेटू पुढच्या भागात.