एकादशीचा बटाटा

उद्या एकादशी. दुपारी इथे पेडगावात ज्यांच्या घरी उतरलो, त्यांचा नातू ताटाशी येऊन बसला. आठवीत असेल. म्हणाला, "बाबा, उद्या भाकर चालत नाही आन् बटाटा कसा काय चालतो? भाकर जमिनीतूनच येती, बटाटाबी जमिनीतूनच येतो." आजी रागावली, म्हणाली, "महाराजांना असं विचारू नाही." मी म्हणालो, विचारू द्या. पोराने खरी गाठ धरली. आज सेवेला तोच विषय घेतो.

एकादशीला वर्ज्य काय? अन्न. अन्न म्हणजे धान्य. का वर्ज्य, त्याची कथा पद्मपुराणाच्या नावाने सांगतात. देवाने पाप्यांना शासन करायला पापपुरुष निर्माण केला. मग नरकातला आक्रोश ऐकून देवालाच दया आली आणि त्याने एकादशी निर्माण केली. लोक एकादशी करून तरू लागले. पापपुरुष रडत आला, "देवा, मी राहू कुठे? मला एक जागा दे." देव म्हणाला, त्या एका दिवशी तू धान्यात राहा. म्हणून त्या दिवशी दाणा तोंडात घालायचा नाही. हे झालं पुराणाचं कारण. आमचे गुरुजी अजून एक साधं कारण सांगायचे. एकादशीला जागर आहे. पोटभर भाकर आणि पिठलं खाऊन जो बसला, तो दुसऱ्या अभंगाला घोरतो. समोर बसलेले काही जण आजच घोरायले, आज तर दशमीच आहे! विठ्ठल, विठ्ठल.

आता बटाटा. व्रत कशाने मोडत नाही, अशा आठ गोष्टी महाभारतात सांगितल्या आहेत. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. यातलं 'मूळ' नीट लक्षात ठेवा. त्या काळी मूळ म्हणजे रानात ऋषी खणून खायचे ते कंद. बटाटा तेव्हा आपल्या देशात नव्हताच. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद, हे चारही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आले. शास्त्राने त्यांचं नाव घेतलं नाही, त्यांना अडवलंही नाही. आपल्या माणसांनी ते 'मूळ' आणि 'फळ' या सदरात बसवून घेतले. भुईमुगाचा दाणा तेवढा उपासाला गोड मानला, हरभऱ्याचा नाही. ही रूढी आहे, शास्त्रवचन नव्हे. म्हणून पोराचा प्रश्न खोटा नाही.

आणि गंमत पाहा. ज्या बटाट्यावर आपली एकादशी निभते, तोच बटाटा आपल्या जैन बांधवांना पूर्ण वर्ज्य. जिंतूरजवळ नेमगिरी आहे, पुष्कळांनी पाहिली असेल. तिकडच्या एका जैन कुटुंबाशी माझा तीस वर्षांचा घरोबा. मी एकदा त्यांना म्हणालो, शेठजी, बटाट्यात काय पाप आहे? ते म्हणाले, "महाराज, आंबा तोडला तर झाड राहतं. ज्वारीचं कणीस दाणा पिकल्यावर वाळतंच. पण कंद काढायचा तर झाड मुळासकट मारावं लागतं, माती उकरताना किडामुंगी मरते ती वेगळीच." त्याहून खोल कारण त्यांनी नंतर सांगितलं. त्यांच्या शास्त्रात वनस्पतीचे दोन प्रकार. एकात एका शरीराला एक जीव. दुसऱ्यात एकाच शरीरात अनंत जीव, त्याला ते अनंतकाय म्हणतात. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा हे त्यात. बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यातून नवा कोंब फुटतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मग हळद, सुंठ कशी खातात? तर वाळल्यावर ती निर्जीव होते, म्हणून चालते. त्यांचा उंबरठा जीव आहे की नाही हा. आपला उंबरठा धान्य आहे की नाही हा. बटाटा एकच, प्रश्न दोन. ते आमच्या सप्ताहाला येतात तेव्हा त्यांच्या भाजीत आम्ही कच्ची केळी घालतो. आणि त्यांची पंगत दिवस मावळायच्या आत उठते, कारण रात्री जेवायचं नाही. अंधारात जीव दिसत नाही, हे त्याचं कारण.

आता दारूकडे येतो. इथे उलटं झालं आहे. नियम एकच, कारणं वेगळी. जैन म्हणतात, कुजवल्याशिवाय दारू होत नाही, त्या कुजण्यात असंख्य जीव उपजतात आणि मरतात. शिवाय प्यायलेल्याला भान राहत नाही, मग अहिंसा कोण पाळणार? मुसलमान बांधवांचं कारण दुसरं. परभणीला तुराबुल हक बाबांच्या उरुसाला आपण सगळे जातो. त्यांच्या कुराणात दारू एका दिवसात बंद झाली नाही. आधी सांगितलं, हिच्यात काही लाभ आहे, पण पाप लाभापेक्षा मोठं. मग सांगितलं, नशेत नमाजाला उभे राहू नका. दिवसातून पाच वेळा नमाज, मग प्यायची केव्हा? आपोआप पिणं आटलं. आणि शेवटी संपूर्ण बंदी. कारणही तिथेच दिलं आहे: सैतान दारूने आणि जुगाराने तुमच्यात वैर लावतो आणि ईश्वराच्या स्मरणापासून तुम्हाला तोडतो. ती आज्ञा आली तेव्हा मदिनेच्या गल्ल्यांतून लोकांनी दारू ओतून दिली, असं ते सांगतात. जीव मरतात हा मुद्दा तिथे नाही. तिथे मुद्दा वैराचा आणि विसराचा आहे. आपण माळकरी दारू सोडतो तेही विसरापायीच. ज्या तोंडाने नाव घ्यायचं, ते तोंड शुद्धीवर पाहिजे.

डुकराच्या मांसाचं मात्र तसं लांब कारण दिलेलं नाही. ते अपवित्र आहे एवढंच म्हटलं. पोटात जंत होतात वगैरे जे आपण ऐकतो, ते नंतरच्या माणसांनी जोडलं. आणि उपासमारीने जीव जात असेल, नाइलाजाने खाल्लं, तर दोष नाही, हेही तिथेच सांगितलं आहे.

यहुद्यांचंही तसंच. खवले आणि पर असलेलीच मासळी खायची. का? तर तुम्ही देवाचे वेगळे काढलेले लोक आहात. कोकणात बेने इस्राएल नावाचे मराठी बोलणारे यहुदी आहेत. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. पिढ्यानपिढ्यांत त्यांचे धर्मग्रंथ विसरले होते. त्यांच्यात सांगतात, डेव्हिड रहाबी नावाचा गृहस्थ बाहेरून आला, त्याने बायांपुढे मासळी ठेवली. बायांनी खवल्याची तेवढी वेचली, बाकीची बाजूला सारली. त्याने ओळखलं, हे आपलेच. पोथी गेली होती, ताट राहिलं होतं!

आता ही आठ गोष्टींची यादी मी का लावून धरतो, ते सांगतो. माझी थोरली वहिनी साखरेची रोगी. एका एकादशीला तिने सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. चारच्या सुमाराला घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. पोरीने साखरपाणी पुढे केलं तर वहिनी तोंड फिरवती, "माझी एकादशी मोडंल." मी घरीच होतो. म्हणालो, वहिनी, पाणी मोडत नाही, औषध मोडत नाही, या घडीला साखर हेच तुमचं औषध आहे. आणि गुरूचं वचन लागत असंल तर ते मी देतो, धाकटा असलो तरी माळ घालून तुम्हीच मला कीर्तनाला उभं केलंय. तेव्हा प्यायली. पुढच्या एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घेतली. शास्त्रानेही एकादशी आठ वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतच सांगितली आहे, त्याच्या अलीकडच्याला आणि पलीकडच्याला बंधन नाही.

त्या नातवाला मी दुपारी एवढं सगळं सांगितलं नाही. तो म्हणाला, "म्हंजे उद्या बटाटा खाऊ का?" मी म्हणालो, खा, पण दोनच. सहा खाल्ले तर जागराला झोपशील.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.