६.९ म्हणजे कितवा नंबर?

सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला 'सीआर' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वर्षाकाठी साहेब एक गोपनीय अहवाल लिहीत, तो पाकिटात बंद होई आणि वर रवाना होई. त्यात प्रतिकूल शेरा असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवायचा, अशी रीत होती. 'चांगला' असे लिहिले असेल तर ते कळवण्याचे कारणच काय, असा सगळ्यांचा समज.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत २००८-०९ या वर्षापासून हा अहवाल बदलला. त्याचे नाव झाले वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून लोक त्याला 'एपार' म्हणू लागले. तो आता पूर्णच्या पूर्ण कर्मचाऱ्याला दाखवायचा होता आणि त्यात शब्दांच्या जोडीला १ ते १० असे गुण आले होते. मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका केंद्रीय कार्यालयात आस्थापना शाखेत होतो. ही नवी मोजपट्टी सहकाऱ्यांना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

गुण हातात पडले त्याच दिवशी डबे खाता खाता लोकांनी यादी करून टाकली. कोणाला ७.४, कोणाला ७.१, कोणाला ६.९. आम्हा सगळ्यांना वडील असणाऱ्या एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. "भाईसाहेब, मले ६.९ मिळाले. म्हणजे मी पाचवी आली का?"

मी म्हणालो, "ताई, या कागदावर पाचवी कुठं लिहिलं आहे ते दाखवा."

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. नव्हतेच लिहिलेले. मग आम्ही दोघांनी बसून त्यांचा आकडा उलगडला. अहवालाचे तीन भाग असतात. प्रत्यक्ष कामाला ४० टक्के वजन, वैयक्तिक गुणांना ३० टक्के आणि कामाच्या जाणकारीला, म्हणजे नियमांचे ज्ञान, समन्वय वगैरेंना, ३० टक्के. बाईंना कामात साडेसात होते, त्याचे ४० टक्के झाले ३. वैयक्तिक गुणांत ७, त्याचे २.१. जाणकारीत ६, त्याचे १.८. बेरीज ६.९. या सगळ्या हिशेबात दुसऱ्या कोणाचे नावसुद्धा आले नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस त्या वर्षी बदलून गेला असता तरी बाईंचे ६.९ तसेच राहिले असते.

आमच्याकडे कापसाचा दाखला चटकन पटतो. हिंगणघाटच्या यार्डात सीसीआयचा माणूस गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचे यंत्र खुपसतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. तुमच्या मागच्या गाडीचा कापूस कसा आहे यावर तुमच्या गाडीचा ओलावा ठरत नाही. गुण हे असे यंत्रावरचे माप आहे, गाड्यांची रांग नव्हे. मुशायऱ्यात मात्र दोन्ही गोष्टी एकाच मंचावर दिसतात. कोण आधी वाचणार आणि कोण शेवटी, हा मानाचा क्रम असतो. शेराला मिळणारी दाद वेगळी. पहिल्याच नवख्या शायराला भरभरून दाद मिळाली म्हणून त्याला शेवटी बसवत नाहीत.

बाईंचे समाधान झाले नव्हते. "पण बढतीत ७.४ वाला माझ्या पुढं जाईलच ना?" हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर नियमात सापडते. ६ पासून ८ च्या आतले सगळे गुण 'फार चांगला' या एका प्रतीत येतात आणि बढतीची सरासरी काढताना त्या सगळ्यांना सरसकट ७ धरतात. म्हणजे ७.४ चेही ७ आणि ६.९ चेही ७. ८ ते १० ला 'उत्कृष्ट' म्हणून ९, ४ पासून ६ च्या आत 'चांगला' म्हणून ५, आणि ४ च्या खाली शून्य. शिवाय फेब्रुवारी २००२ च्या आदेशाने निवडीच्या पदांवरही पदोन्नती समितीने फक्त 'योग्य' की 'अयोग्य' एवढेच ठरवायचे आहे. योग्य ठरलेल्यांचा क्रम आधीच्या सेवाज्येष्ठतेनेच लागतो. जास्त गुणवाला ज्येष्ठाला ओलांडून जात नाही. तेव्हा डब्याच्या वेळी केलेल्या यादीचा बढतीशी संबंध नव्हता.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. गुण कसे द्यावेत याच्या सूचनांत असेही आहे की अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या त्या जोडीच्या अनेकांचा विचार करून गुण द्यावेत. मग ही तुलना नाही का? आहे, पण ती मोजपट्टी ठरवण्यापुरती. '८' म्हणजे केवढे काम हे डोळ्यांसमोर बरीच माणसे असल्याशिवाय ठरत नाही. त्यातून पहिला-दुसरा काढायचा नसतो. पाच जणांना ७ देता येतात, पाचही जणांना ८ देता येतात. ठरावीक टक्के माणसे तळाशी दाखवलीच पाहिजेत, असे बंधन नाही. काही खासगी कंपन्यांत तसे बंधन असे. मायक्रोसॉफ्टने ते २०१३ मध्ये सोडले. तिथे गुण म्हणजे खरोखरच क्रमांक होता, आणि तशा ठिकाणी मी बाईंना हे उत्तर देऊ शकलो नसतो.

मात्र रांग नाही म्हणून काळजी नाही, असेही नव्हे. काळजी रेषेची करायची. सर्वोच्च न्यायालयात देवदत्त विरुद्ध भारत सरकार हा खटला झाला, निकाल १२ मे २००८ चा. देवदत्त हे सीमा रस्ते सेवेतले कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाच वर्षे 'फार चांगला' हवे होते. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना 'चांगला' मिळाले, ते त्यांना कळवलेच नाही आणि बढती हुकली. न्यायालयाने म्हटले की शब्द कोणता हे पाहू नका, त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. रेषा 'फार चांगला' असेल तर 'चांगला' हाही प्रतिकूल शेराच. तो कळवायला हवा आणि त्यावर दाद मागायची संधी द्यायला हवी. देवदत्तांचे नुकसान दुसरा कोणी पुढे होता म्हणून झाले नाही. रेषा कुठे आहे आणि आपण तिच्या कोणत्या बाजूला आहोत, हे त्यांना कोणी सांगितले नाही म्हणून झाले.

ही रेषा सरकतेही. नोकरीच्या १०, २० आणि ३० वर्षांनी बढती नसली तरी वरचा वेतनस्तर देणारी 'एमएसीपी' योजना आहे. तिथे खालच्या श्रेणींना आधी 'चांगला' पुरत असे. जुलै २०१६ पासून सगळ्यांसाठी 'फार चांगला' लागतो. त्यामुळे ५.८ आणि ६.१ यांत दिसायला अगदी थोडे अंतर असले तरी पगारात ते मोठे ठरू शकते. ६.९ आणि ७.४ यांतल्या अंतराला तिथे काहीच किंमत नाही. लोक मात्र दुसऱ्या अंतरावर भांडतात आणि पहिले बघतही नाहीत.

म्हणून अहवाल हाती आला की शेजाऱ्याचा आकडा विचारण्याआधी तीन भागांचे गुण वेगवेगळे पाहावेत. बेरीज ६ च्या खाली असेल तर ती कोणत्या भागाने ओढली ते शोधावे. तो भाग अमान्य असेल तर अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी निवेदन द्यावे आणि त्यात त्या वर्षी केलेल्या कामाचे आकडे व तारखा द्याव्यात. 'अमक्याला माझ्यापेक्षा जास्त का' असे त्यात लिहू नये. त्या प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात नसते.

बाईंनी निवेदन दिले नाही, तशी गरजही नव्हती. जाणकारीच्या ६ वर त्या मात्र अडल्या. साहेबांना भेटून त्यांनी विचारले, तेव्हा समन्वयाच्या रकान्यात ५ होते असे कळले. दुसऱ्या शाखेकडून फाइल वेळेत परत येत नसे, त्याचे ते गुण. पुढल्या वर्षी त्यांनी फाइल गेल्याची आणि आल्याची तारीख लिहायला एक वही केली. यादी करणाऱ्यांनी त्या वर्षीही यादी केली.