लंगडी घालता येते का?

माझे फिजिओथेरपिस्ट सहकारी आणि यंदा आपण मुद्दाम बोलावलेले क्रीडाशिक्षक मित्रहो,

अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायचं, अशी रीत आहे. मी घोट्यावर बोलणार आहे. तोही मोडलेला नाही, नुसता मुरगळलेला. ज्या दुखण्याला कुणी दुखणं मानत नाही, त्यात आपण सगळ्यात जास्त ढिलाई करतो असं माझं मत आहे, आणि त्यात मीही आले.

एक खोखोपटू मुलगी सांगते. वय १९. संरक्षण करताना एकेरी साखळीत हूल देऊन वळली आणि उजवं पाऊल आतल्या बाजूला दुमडलं. अर्ध्या तासात बाहेरच्या घोट्याखाली लिंबाएवढी सूज. घरी आजीने तेल गरम केलं होतं, पण मैदानावरचे सर तिला थेट माझ्याकडे घेऊन आले. पहिल्या दिवशी चोळणं आणि शेकणं टळलं, म्हणजे निम्मं काम झालं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असताना चोळलं की सूज वाढते.

मी आधी दाबून पाहिलं ते हाड. दोन्ही घोट्यांची मागची कड आणि टोक, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मधोमध असलेला उंचवटा, आणि आतल्या बाजूचं नौकेच्या आकाराचं हाड. कुठेही दुखलं नाही. मग तिला चार पावलं टाकायला लावली. लंगडत का होईना, तिने टाकली. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेली ही कसोटी आहे. ती नीट लावली तर एक्स-रेचा पुष्कळ खर्च वाचतो. लहान मुलांत आणि पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेही रुग्णांत मात्र मी तिच्यावर विसंबत नाही. या मुलीला दुखत होतं ते घोट्याच्या पुढे आणि किंचित खाली, जिथे पाऊल आत वळताना सर्वात आधी ताणलं जाणारं लिगामेंट असतं. सांधा हलवून पाहिला, ढिला नव्हता. म्हणजे सौम्य लचक.

पहिले दोन दिवस फार काही करायचं नसतं. बोटांपासून वर पोटरीकडे क्रेप बँडेज, झोपताना पायाखाली दोन उशा, आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ दुखणं कमी करण्यासाठी. त्याने लिगामेंट लवकर भरून येतं असं मी सांगत नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी १९७८ साली ज्यांनी रूढ केली, त्या डॉ. गेब मर्किन यांनीही पुढे बर्फाबद्दलचं मत बदललं. विश्रांतीबद्दल तर मी अधिकच साशंक आहे. दुसऱ्याच दिवशी मी त्या मुलीला पाऊल वर-खाली करायला सांगितलं आणि म्हटलं, ‘अंगठ्याने हवेत अ ते ज्ञ लिही.’ ती म्हणाली, ‘मॅडम, ळ लिहिताना दुखतं.’ मग ळ चार दिवस बाजूला ठेवला. पाऊल आत वळवणारी हालचाल सगळ्यात शेवटी.

सोसेल तेवढा भार पायावर पहिल्यापासून देऊ दिला. पाचव्या दिवशी ती न लंगडता चालत होती. पाच-सात दिवसांत चाल सुधारली नाही, किंवा दुखणं घोट्याच्या वर नडगीच्या दोन हाडांमध्ये असेल, तर ती साधी लचक नाही असं समजून फेरतपासणी करा.

त्याच पाचव्या दिवशी तिला भिंतीसमोर उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा जितका मागे नेता येईल तितका न्यायचा. डावा अंगठा भिंतीपासून ११ सेंटिमीटर, उजवा ६. हा फरक पोटरीच्या ताणाने आणि याच हालचालीच्या सरावाने पुढच्या आठवड्यात भरून निघाला. सोबत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचं, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, परतताना सावकाश. आणि दोन्ही टाचा उचलणं, मग एकाच पायावर.

बाराव्या दिवशी सूज नव्हती, दुखत नव्हतं आणि रविवारी सामना होता. तिचे वडील म्हणाले, ‘आता बरी आहे ना?’ काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी ‘हो’ म्हटलं होतं. महिन्याभरात तोच घोटा पुन्हा मुरगळला, या खेपेला जास्त. म्हणून हिला एका पायावर उभं केलं, हात कमरेवर, डोळे मिटून. डाव्या पायावर २६ सेकंद. उजव्यावर ७, तेही पाऊल थरथरत.

या १९ सेकंदांच्या फरकाला सूज दिसत नाही, म्हणून तो कुणी मोजत नाही. फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ सालीच म्हटलं होतं की लिगामेंटबरोबर त्यातल्या, सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या चेतातंतूंनाही इजा होते. आज आपण त्यात मेंदू आणि मज्जारज्जूकडून होणाऱ्या नियंत्रणाचीही भर घालतो. पाऊल दुमडायला लागल्यावर नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जागे होईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. त्यामुळे ते पाऊल जमिनीला टेकण्याआधीच तयार असावे लागतात. ही तयारी सरावानेच येते. अल्ट्रासाउंडच्या यंत्राने ती येत नाही. ताज्या लचकीत त्या यंत्राचा म्हणण्यासारखा फायदा दिसलेला नाही, तरी आपल्यातले कित्येक जण त्याचे दहा-दहा दिवस लावतात. माझ्या दवाखान्यातलं यंत्रही वर्षानुवर्षं चालूच होतं.

तो रविवार तिने बाकावर बसून काढला. पुढे रोज दहा मिनिटं: दात घासताना एका पायावर, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, मग गोधडीवर उभी राहून भावाने फेकलेला चेंडू झेलत. फरशीवर खडूने तीन दिशांच्या रेघा काढल्या. उजव्या पायावर उभं राहून डाव्या पायाचं बोट प्रत्येक रेघेवर जमेल तितकं लांब न्यायचं. तिसऱ्या आठवड्यात लंगडी. आधी जागच्या जागी, मग सरळ, मग नागमोडी. लंगडी आपल्या मैदानात पिढ्यान् पिढ्या आहे, तरी आपण बाहेरून महागडे डुगडुगते फळे मागवतो, ही गंमतच. उडी मारून त्याच पायावर उतरताना गुडघा आत पडत नाही आणि टाच डगमगत नाही, हे पाहिलं. मग संघासोबत धावणं, शेवटी हूल.

पाचव्या आठवड्यात ती खेळली, घोट्याला नाडीचा पट्टा बांधून. डोळे मिटून उजव्या पायावर २४ सेकंद. तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा पुढे दोन महिने चालू ठेवले, कारण लिगामेंटची आतली घडण महिनोन्‌महिने चालते, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता न मुरगळलेल्यापेक्षा जास्त असते.

क्रीडाशिक्षकांना विनंती आहे: ‘दुखतंय का?’ हा प्रश्न विचाराच, पण त्यावर मुलाला मैदानात सोडू नका. त्याला खेळायचंच असतं, तो ‘नाही’ म्हणणार. त्याला लंगडी घालायला सांगा. आणि माझ्या सहकाऱ्यांनो, केसपेपरवर ‘बरा’ लिहिण्याआधी दोन आकडे लिहा, डाव्या पायाचे सेकंद आणि उजव्या पायाचे सेकंद. घड्याळ आपल्या सगळ्यांच्या मनगटावर आहे. इतकं बोलून थांबते.