बुडाला लागलेला भात

माझी बंगळूरला बदली झाली होती आणि आम्ही यशवंतपूर स्थानकाजवळ दोन खोल्यांत राहत होतो, त्या वेळची ही गोष्ट. पत्नी बाळंत होऊन घरी आली, त्या दिवशी सासूबाईंची गाडी चुकली आणि दुपारचा भात माझ्या वाट्यास आला. एम. ए. झालेल्या माणसास भात शिजविणे कितीसे अवघड, असे मनाशी म्हणून मी दोन वाट्या तांदूळ धुतले, पातळ बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाणी घातले आणि गॅस मोठा केला. बाळंतीण भुकेलेली होती. आच वाढविली की भात लवकर होईल, हा माझा हिशेब!

हिशेब चुकला तो येथेच. पाणी एकदा उकळू लागले की आच कितीही वाढवा, ते अधिक तापत नाही. केवळ लवकर आटते. त्यातून बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच. तेथे पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे 97 अंशांवरच उकळते. म्हणजे दाण्याला शिजण्यास थोडा अधिक वेळ हवा होता आणि मी तर पाणीच घाईने उडवून लावीत होतो. तळाशी पाणी असते तोवर भात सुरक्षित असतो. ते संपले की तळ झपाट्याने तापतो आणि खालचा थर आधी तांबूस, मग काळा होतो.

भात याची सूचना देतो. खदखद थांबून बारीक चुरचुर ऐकू येते. परंतु त्याच क्षणी बाळाने टाहो फोडला आणि मी पाळण्याकडे धावलो.

"अहो, भात लागला!" आतून आवाज आला. तिला वासावरूनच कळले होते. मी धावत जाऊन पळी उचलली.

"ढवळू नका! आधी गॅस बंद करा. वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. बुडाला हात लावू नका."

मी तसे केले. करपट वास खालच्या थरातच राहिला. ढवळले असते तर तो साऱ्या भातास लागला असता. वरच्या दाण्यात मात्र कणी होती. तिच्या सांगण्याप्रमाणे त्यावर गरम पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवले आणि तव्यावर पातेले ठेवून अगदी मंद आचेवर दहा मिनिटे वाट पाहिली. दाणा बोटांत चिरडून पाहिला. कणी गेली होती.

तूप आणि मेतकूट घालून ताट तिच्यापुढे ठेवले. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "थोडा धुरकट आहे, पण मऊ झालाय."

खरपुडी सुटावी म्हणून जळके पातेले रात्रभर पाण्यात भिजत राहिले. दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, त्यांनी मोरीत डोकावून पाहिले आणि विचारले, "जावईबापू, घाई कसली होती?"

मांडीवरच्या बाळाकडे पाहण्यावाचून मला उत्तर सुचले नाही.